केस वाचून ईआर आकृती कशी काढायची: दूध संस्थेचं एक उदाहरण

डेटाबेसच्या अभ्यासात एक प्रश्न हमखास येतो: एक परिच्छेद, म्हणजे केस, दिलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘यावरून ईआर आकृती काढा.’ नोकरीत परिच्छेदाऐवजी ग्राहकाचं पत्र किंवा बैठकीचं टिपण असतं, एवढाच फरक. सुरुवातीला सगळ्यांना एकच युक्ती शिकवली जाते: नामांखाली रेघ मारा, त्या एंटिटी, क्रियापदांना गोल करा, त्या रिलेशनशिप. ईआर म्हणजे एंटिटी-रिलेशनशिप: जिची नोंद ठेवायची ती गोष्ट म्हणजे एंटिटी, ती चौकटीत काढतात; एंटिटींमधलं नातं म्हणजे रिलेशनशिप, ते हिऱ्यात; आणि त्यांच्याबद्दलची एकेक माहिती म्हणजे ॲट्रिब्यूट, ती लंबगोलात. युक्ती चुकीची नाही. पीटर चेन यांनी १९७६ साली ही आकृती मांडली आणि १९८३ साली इंग्रजी वाक्यरचना आणि ही आकृती यांचा मेळ दाखवणारा लेखही लिहिला. सामान्यनामाची एंटिटी आणि सकर्मक क्रियापदाची रिलेशनशिप हे सूत्र त्यातलंच. पण नामं आणि क्रियापदं फक्त कच्चा माल देतात. आकृतीचा खरा आकार ठरतो तो अटींच्या वाक्यांवरून, आणि नवशिके नेमकी तीच वाक्यं भरभर वाचून पुढे जातात.

हे नीट दिसावं म्हणून एकच केस घेऊन ती शेवटपर्यंत सोडवू. गावातल्या दूध संस्थेच्या सचिवांनी आपल्याला हे लिहून दिलं आहे असं समजा:

> संस्थेचे सभासद रोज सकाळी आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर दूध घालतात. प्रत्येक सभासदाला सभासद क्रमांक असतो. त्याचं नाव, मोबाइल आणि बँक खातं नोंदलेलं असतं. दूध गाईचं किंवा म्हशीचं असतं. काही सभासद एकाच वेळी दोन्ही आणतात, ते वेगवेगळं मोजलं जातं. प्रत्येक वेळी लिटर, फॅट आणि एसएनएफ नोंदवून दरपत्रकानुसार दर लावला जातो व संगणकावरून पावती दिली जाते. दरपत्रक वेळोवेळी बदलतं. दर दहा दिवसांनी सभासदाचं बिल काढलं जातं. सभासद संस्थेतून पशुखाद्य उधारीवर नेतात. ती रक्कम पुढच्या बिलातून कापली जाते. कपात दुधाच्या रकमेपेक्षा जास्त होता कामा नये. उरलेली रक्कम त्यापुढच्या बिलात जाते.

पहिलं वाचन काहीही न लिहिता करा. आकृती काढण्याची घाई झाली, तर शेवटच्या वाक्यापर्यंत पोचेपर्यंत कागदावर चौकटी पक्क्या झालेल्या असतात आणि मग त्या खोडायला हात धजत नाही. इथे तर शेवटचं वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

## नामं: यादी करा, मग गाळा

दुसऱ्या वाचनात सगळी नामं उतरवून घ्या, निवड न करता. आपल्याला मिळतात: संस्था, सभासद, संकलन केंद्र, दूध, सभासद क्रमांक, नाव, मोबाइल, बँक खातं, गाय, म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दरपत्रक, दर, संगणक, पावती, बिल, पशुखाद्य, उधारी, रक्कम, कपात. एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ.

आता प्रत्येक नामाला तीन प्रश्न विचारा. याची एकापेक्षा जास्त उदाहरणं आहेत का? त्यांतली दोन एकमेकांपासून ओळखता येतात का? आणि संस्थेला त्याच्याबद्दल काही लक्षात ठेवायचं आहे का? तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तरच ती एंटिटी.

‘संस्था’ पहिल्याच प्रश्नाला गळते. आपण एकाच संस्थेसाठी काम करतोय, त्यामुळे त्या चौकटीत एकच ओळ असेल. ‘संकलन केंद्र’ही तसंच, कारण केसमध्ये ते एकवचनी आहे, पण गावाबाहेरच्या वाडीवर दुसरं केंद्र असू शकतं, म्हणून त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवा. ‘संगणक’ तिसऱ्या प्रश्नाला गळतो. ‘पावती’ जरा फसवी आहे. कागद हातात येतो, म्हणून ती वस्तू वाटते. पण तिच्यावर जे छापलेलं असतं ते सगळं दुसऱ्या नोंदींतून आलेलं असतं. ज्या गोष्टीची स्वतःची अशी काहीच माहिती नाही, ती आकृतीत येत नाही.

‘गाय’ आणि ‘म्हैस’ इथे जनावरं नाहीत. संस्था कुणाच्या गोठ्यातल्या कुठल्या गाईचं दूध आहे हे लिहून ठेवत नाही, ती फक्त दुधाचा प्रकार लिहिते. म्हणजे हा ‘दूधप्रकार’ नावाचा ॲट्रिब्यूट झाला आणि गाय, म्हैस ही त्याची दोन मूल्यं. हीच केस पशुवैद्यकीय दवाखान्याची असती, तर प्रत्येक जनावराला कानातला बिल्ला असता आणि तिथे ‘जनावर’ ही पक्की एंटिटी ठरली असती. शब्द तोच, उत्तर वेगळं. म्हणून यादी गाळताना शब्दाकडे न पाहता ही माहिती कोण वापरणार आहे ते बघावं.

आणि ‘दूध’? केसमध्ये सगळं ज्याच्याभोवती फिरतं ते नाम हेच, म्हणून बहुतेक जण पहिली चौकट त्याचीच काढतात. पण दुसरा प्रश्न विचारून पाहा. आज सकाळचं सहा लिटर दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं की ते बाकीच्यांच्या दुधात मिसळलं, ते आता वेगळं ओळखता येत नाही. संस्थेकडे उरते ती दुधाची नव्हे, दूध घातल्याची नोंद. हे लक्षात ठेवा, क्रियापदांकडे वळलो की लगेच याची गरज लागणार आहे.

गाळून उरलं ते असं: सभासद, दरपत्रक, बिल, पशुखाद्य. उधारी आणि कपात ही नामं असली तरी आतून क्रिया आहेत, त्यामुळे त्यांचा निर्णय थोडा पुढे ढकलू.

## क्रियापदं: प्रत्येकाची दोन टोकं शोधा

‘सभासद दूध घालतो.’ एक टोक सभासद, दुसरं टोक दूध. पण दूध तर आपण गाळलं. क्रियापदाचं एक टोक असं लटकत राहिलं की समजावं, ती क्रियाच एंटिटी व्हायला हवी. इथे तिचं नाव आपसूक मिळतं: ‘संकलन’. क्रियेवरून बनलेलं नाम हे रिलेशनशिपमधून घडलेल्या एंटिटीची खूण असतं, हे सूत्रही चेन यांच्या त्याच लेखात आहे.

कुणी म्हणेल, दूधप्रकाराची एंटिटी करू आणि सभासदाला रिलेशनशिपने जोडू. करून पाहा. रिलेशनशिपमध्ये दोन टोकांची एक जोडी एकदाच येऊ शकते. सभासद ११२ आणि गाय ही जोडी सोमवारी सकाळी नोंदली गेली, की संध्याकाळी त्याच जोडीला जागाच नाही. तीच दोन टोकं पुन्हा पुन्हा भेटत असतील आणि प्रत्येक भेटीची वेगळी नोंद हवी असेल, तर मधल्या हिऱ्याची चौकट करावीच लागते. ही कसोटी रुग्ण आणि डॉक्टर, प्रवासी आणि गाडी, खातेदार आणि बँक, सगळीकडे चालते.

हीच कसोटी ‘सभासद पशुखाद्य नेतात’ या वाक्याला लावा. तोच सभासद तेच खाद्य पुढच्या महिन्यात पुन्हा नेणार. म्हणजे ‘उधारी’ हीसुद्धा एंटिटी: तारीख, पोती आणि त्या दिवशीचा पोत्याचा भाव. भाव पशुखाद्याच्या चौकटीत असताना पुन्हा इथे कशाला, असं वाटेल. तिथे चालू भाव असतो. तो बदलला तरी गेल्या महिन्यात नेलेल्या पोत्याची बाकी बदलता कामा नये, म्हणून त्या दिवशीचा भाव उधारीच्या ओळीतच राहतो.

मराठी केसमध्ये आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं लागतं. आपलं कार्यालयीन लिखाण कर्मणी प्रयोगाने भरलेलं असतं: मोजलं जातं, लावला जातो, काढलं जातं, कापली जाते. यात करणारा दिसतच नाही. अशा प्रत्येक क्रियापदाला ‘कोण?’ विचारून ठेवा. फॅट कुणी काढलं हे संस्थेला नोंदवायचं असेल, तर ‘कर्मचारी’ नावाची एंटिटी या वाक्यात दडलेली आहे. आपल्या केसमध्ये तसं म्हटलेलं नाही, म्हणून ती काढायची नाही. पण प्रश्नांच्या यादीत मात्र टाकायची.

## अटी: इथे वेळ घाला

तिसरं वाचन फक्त छोट्या शब्दांसाठी. एक, प्रत्येक, काही, किंवा, रोज, दर, वेळोवेळी, पुढच्या, कामा नये. हे शब्द नामं आणि क्रियापदं शोधताना नजरेतून निसटतात आणि आकृतीवरचे आकडे मात्र तेच ठरवतात.

‘काही सभासद एकाच वेळी दोन्ही आणतात, ते वेगवेगळं मोजलं जातं.’ हे वाक्य संकलनाची ‘की’ सांगतं, म्हणजे एक नोंद दुसरीपासून ओळखायला लागणारी माहिती. सभासद आणि तारीख पुरेशी नाही, कारण दिवसाला दोन पाळ्या आहेत. पाळी जोडली तरी पुरत नाही, कारण एका पाळीत गाईची आणि म्हशीची अशा दोन नोंदी होतात. म्हणजे सभासद, तारीख, पाळी, दूधप्रकार ही चौकडी मिळून की होते. की बरोबर आहे का हे तपासायचं असेल, तर तिच्यातला एकेक भाग काढून बघा: दोन खऱ्या नोंदी एकमेकींवर आदळल्या, तर तो भाग गरजेचा आहे.

‘दरपत्रक वेळोवेळी बदलतं.’ काळाचा शब्द आला की इतिहास ठेवावा लागतो. एकच दरपत्रक ठेवून त्यावरच नवे दर लिहिले, तर मागच्या महिन्यातल्या बिलाबद्दल तक्रार घेऊन आलेल्या सभासदाला जुना हिशोब दाखवता येणार नाही. म्हणून दरपत्रकाला ‘लागू तारीख’ आणि ‘दूधप्रकार’ हे ॲट्रिब्यूट हवेत. दरपत्रक म्हणजे प्रत्यक्षात एक कोष्टक असतं: अमुक फॅटला आणि अमुक एसएनएफला अमुक दर. गाईच्या दुधासाठी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही नेहमीची आधाराची प्रत. तिच्या वर-खाली एकेका पॉइंटला दर बदलतो. हे कोष्टकातलं प्रत्येक घर म्हणजे ‘दरओळ’, आणि ती आपल्या दरपत्रकाशिवाय ओळखताच येत नाही, कारण ३.५ आणि ८.५ ही जोडी प्रत्येक दरपत्रकात असते. अशा परावलंबी गोष्टीला वीक एंटिटी म्हणतात आणि ती दुहेरी चौकटीत काढतात.

आता संकलनाच्या नोंदीत दर ठेवायचा का? कोष्टकातून तो काढता येतो, म्हणून काटेकोर शिक्षक त्याला तुटक रेषेच्या लंबगोलात टाकायला सांगतील. माझं मत वेगळं आहे. दर लावून पावती सभासदाच्या हातात गेली, की तो दर हा एक घडलेला व्यवहार आहे. पुढे कुणी दरपत्रकातली छपाईची चूक सुधारली, तरी दिलेले पैसे बदलत नाहीत. म्हणून ‘लावलेला दर’ साधा ॲट्रिब्यूट ठेवावा. रक्कम मात्र लिटर गुणिले दर, ती तुटक रेषेत.

‘दर दहा दिवसांनी’ हेही जपून वाचा. १ ते १०, ११ ते २०, आणि शेवटचा टप्पा २१ पासून महिनाअखेरपर्यंत, जो कधी आठ दिवसांचा तर कधी अकरा दिवसांचा भरतो. म्हणून बिलात सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही तारखा ठेवा, दहा हा आकडा गृहीत धरू नका.

बिल आणि संकलन यांच्यातले आकडे ठरवताना दोन्ही बाजूंनी वाक्य म्हणून पाहा. एका बिलात अनेक संकलनं येतात. एक संकलन जास्तीत जास्त एका बिलात येतं. आणि कमीत कमी? आज सकाळचं दूध अजून कुठल्याच बिलात नाही, म्हणजे शून्य. नवशिक्यांची आकृती इथे बऱ्याचदा ‘नक्की एक’ म्हणते. तिच्यावरून टेबल केलं, तर बिल निघाल्याशिवाय दुधाची नोंदच करता येत नाही. उलट्या बाजूने, एकही संकलन नसलेलं बिल असू शकतं का? सभासदाची म्हैस आटली, दूध बंद झालं, पण खाद्याची बाकी आहे. अशा वेळी संस्था शून्याचं बिल काढते की काहीच काढत नाही, हे केसमध्ये नाही. तूर्त शून्य धरा आणि विचारायच्या यादीत टाका.

## शेवटचं वाक्य काय करतं

‘ती रक्कम पुढच्या बिलातून कापली जाते.’ एवढंच वाचलं, तर चित्र सोपं आहे: एका बिलात अनेक उधाऱ्या, एक उधारी एका बिलात. उधारीत बिल क्रमांक टाकला की झालं. पण त्यानंतर अट येते: कपात दुधाच्या रकमेपेक्षा जास्त नको, उरलेली पुढे न्यायची. आकडे घालून पाहू.

सभासद ११२ ने ३ तारखेला ३,००० रुपयांचं खाद्य नेलं. १ ते १० चं त्याचं दूध २,४०० रुपयांचं झालं. कपात २,४००, हातात शून्य, बाकी ६००. १४ तारखेला त्याने आणखी १,५०० चं खाद्य नेलं. ११ ते २० चं दूध २,७०० चं. या बिलातून पहिल्या उधारीचे ६०० आणि दुसरीचे १,५०० कापले, हातात ६०० मिळाले.

पहिली उधारी दोन बिलांत विभागली गेली, आणि दुसऱ्या बिलात दोन उधाऱ्या आल्या. म्हणजे ही रिलेशनशिप अनेक-अनेक आहे, आणि प्रत्येक जोडीला स्वतःची रक्कम आहे. ती रक्कम ना बिलाची, ना उधारीची. ती दोघांमधल्या ‘कपात’ची. मघाशी यादीत बाजूला ठेवलेलं ते नाम इथे आपल्या जागी बसतं. एका बिलात एका उधारीची कपात एकदाच होते, त्यामुळे ‘कपात’ हिरा म्हणून ठेवली आणि तिला रकमेचा लंबगोल लावला तरी चालेल. रेघेच्या टोकांवरच्या खुणांनी संख्या दाखवणाऱ्या क्रो-फूट पद्धतीत मात्र हिरे नसतात, म्हणून तिची वेगळी चौकट काढावी लागते. ‘उरलेली रक्कम’ ठेवायचीच नाही. उधारीच्या रकमेतून तिच्या सगळ्या कपाती वजा केल्या की ती मिळते.

## आकृती आणि तिच्याखालच्या ओळी

कागदावर आधी पेन्सिलने काढा: चौकटी लांब लांब, मधे हिरे, ॲट्रिब्यूट सगळ्यात शेवटी. संगणकावर मर्मेडमध्ये, म्हणजे लिहिलेल्या ओळींवरून क्रो-फूट आकृती काढून देणाऱ्या साधनात, लिहायची असेल, तर रिलेशनशिप अशा येतील:

```
erDiagram
    SABHASAD ||--o{ SANKALAN : ghalto
    SABHASAD ||--o{ BILL : gheto
    SABHASAD ||--o{ UDHARI : karto
    PASHUKHADYA ||--o{ UDHARI : jate
    BILL |o--o{ SANKALAN : dharte
    BILL ||--o{ KAPAT : karte
    UDHARI ||--o{ KAPAT : phitte
    DARPATRAK ||--|{ DAR_OL : asate
    DARPATRAK ||--o{ SANKALAN : lagte
```

`||` म्हणजे नक्की एक, `|o` म्हणजे शून्य किंवा एक, `o{` म्हणजे शून्य किंवा अनेक, `|{` म्हणजे निदान एक. खूण ज्या चौकटीला चिकटलेली असते, तिच्या संख्येबद्दल ती बोलते. दुसऱ्या टोकाच्या चौकटीतल्या एका ओळीपासून सुरुवात करून ती वाचा.

आकृतीत एक वळसा दिसेल: संकलनाकडून सभासदाकडे सरळ जाता येतं आणि बिलामार्गेही जाता येतं. असा वळसा दिसला की एक रेघ खोडावीशी वाटते. इथे खोडू नका, कारण बिल निघेपर्यंत दुसरी वाट अस्तित्वातच नसते. पण दोन वाटांनी दोन वेगळे सभासद सापडता कामा नयेत, आणि ही अट कुठल्याच रेषेने दाखवता येत नाही. म्हणून आकृतीच्या खाली ती शब्दांत लिहा. तिथेच आणखी तीन ओळी येतील: बिलातल्या कपातींची बेरीज दुधाच्या रकमेपेक्षा जास्त नको, एका उधारीच्या कपातींची बेरीज उधारीपेक्षा जास्त नको, संकलनाला लागलेलं दरपत्रक त्याच दूधप्रकाराचं आणि त्या तारखेला लागू असलेलं हवं. परीक्षेत या ओळी न लिहिणारे बरेच असतात, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोग यांचाच होतो.

## तपासणी

संस्थेच्या रजिस्टरचं एक पान मागा आणि त्यावरची प्रत्येक नोंद आकृतीत बसवून पाहा. एखादा रकाना कुठेच बसत नसेल, तर ॲट्रिब्यूट राहिला आहे. एखादी चौकट पानभर रिकामी राहिली, तर ती बहुधा नको आहे. मग सभासद ११२ चा वरचा हिशोब उलटा चालवा: फक्त आकृतीतल्या चौकटी वापरून दुसऱ्या बिलाचे ६०० रुपये निघतात का?

त्यानंतर प्रश्नांची यादी घेऊन सचिवांकडे जा. प्रत्येक प्रश्नाशेजारी उत्तराने काय बदलेल ते आधीच लिहून ठेवा, म्हणजे बैठक लांबत नाही. दुसरं केंद्र आहे का? असेल तर ‘केंद्र’ ही एंटिटी येईल आणि एकाच पाळीत दोन्हीकडे दूध चालत असेल तर संकलनाच्या कीमध्येही केंद्र येईल. फॅट काढणाऱ्याचं नाव हवं का? हवं असेल तर ‘कर्मचारी’. दूध नसताना बिल निघतं का? निघत नसेल तर प्रत्येक बिलात ‘निदान एक संकलन’. आणि एक प्रश्न विसरू नका: कुणी गाईच्या दुधाच्या दोन किटल्या आणल्या आणि दोन्हींचं फॅट वेगवेगळं लागलं, तर तुम्ही एक नोंद करता की दोन? दोन म्हणाले, तर आपली चौकडीची की मोडली, आणि तिच्यात पाळीतला नोंद क्रमांक घालावा लागेल.